न्यूरल नेटवर्कमधील भारांचे प्रारंभीकरण

न्यूरल नेटवर्कमधील भारांचे प्रारंभीकरण म्हणजे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी नेटवर्कमधील प्रत्येक भाराला पहिली किंमत नेमून देण्याची पद्धत होय. या किमती यादृच्छिक निवडल्या जातात. मात्र त्या शून्याभोवती किती पसरलेल्या असाव्यात, हे प्रत्येक थराच्या रुंदीवरून ठरवावे लागते. पसारा कमी पडला तर थरागणिक संकेत क्षीण होत जातो आणि जास्त झाला तर तो फुगत जातो. खोल नेटवर्कमध्ये हा परिणाम गुणाकाराने वाढत असल्यामुळे चुकीच्या सुरुवातीमुळे प्रशिक्षण मुळात सुरूच होत नाही, असे घडू शकते. या अडचणीवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन पद्धती म्हणजे झेवियर प्रारंभीकरण (२०१०) आणि ‘हे’ प्रारंभीकरण (२०१५). दुसऱ्या पद्धतीला तिचे पहिले लेखक कायमिंग हे यांच्या नावावरून *कायमिंग प्रारंभीकरण* असेही म्हणतात; मराठीतील ‘हे’ या सर्वनामाशी गल्लत होऊ नये म्हणून या लेखात पुढे तेच नाव वापरले आहे.

## पार्श्वभूमी

बहुथरी नेटवर्कमधील प्रत्येक थर दोन कामे करतो. आधीच्या थराकडून आलेल्या संख्यांना भारांनी गुणून त्यांची बेरीज करणे हे पहिले काम, आणि त्या बेरजेवर सक्रियण फल लावणे हे दुसरे. एका घटकाच्या बाबतीत हे असे लिहिता येते:

z = w₁x₁ + w₂x₂ + … + wₙxₙ + b, आणि पुढील थराला जाणारी किंमत f(z)

येथे n ही त्या घटकात येणाऱ्या जोडण्यांची संख्या, b हा बायस आणि f हे सक्रियण फल आहे. प्रशिक्षणात नेटवर्कच्या उत्तरातील त्रुटी मोजून तिचे ग्रेडियंट शेवटच्या थराकडून पहिल्या थराकडे नेले जातात व त्यानुसार भार बदलले जातात. या उलट प्रवासाला बॅकप्रोपगेशन म्हणतात.

सर्व भार शून्य ठेवून सुरुवात करणे सर्वांत सोपे वाटते, पण ते चालत नाही. एकाच थरातील सर्व घटकांचे भार समान असतील, तर त्या सर्वांची उत्तरे समान येतात, त्यांना मिळणारे ग्रेडियंटही समान असतात आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ते एकसारखेच राहतात. पाचशे घटकांचा थर मग एकाच घटकाइतके काम करतो. ही सममिती मोडण्यासाठी भार यादृच्छिक असावे लागतात. बायसच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण भार वेगवेगळे असले की सममिती आधीच मोडलेली असते. म्हणून बायस बहुधा शून्यच ठेवले जातात.

यादृच्छिक भार घ्यायचे ठरल्यावर खरा प्रश्न उरतो तो त्यांच्या प्रचरणाचा. प्रचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. दीर्घकाळ ०.०१ यासारखे एखादे ठरीव प्रमाण विचलन सर्व थरांना लावण्याची प्रथा होती. उथळ नेटवर्कमध्ये ती खपून जात असे. थरांची संख्या वाढू लागली, तेव्हा तिच्यातील दोष उघड झाला.

## एका थरातील प्रचरणाचे गणित

भार परस्परांपासून व आदानांपासून स्वतंत्र आहेत, त्यांची सरासरी शून्य आहे आणि बायस शून्य आहे, असे मानू. प्रशिक्षणाच्या पहिल्या क्षणी ही गृहीतके खरीच असतात, कारण भार आपणच तसे निवडलेले असतात. स्वतंत्र पदांच्या बेरजेचे प्रचरण हे त्यांच्या प्रचरणांच्या बेरजेइतके असते. त्यामुळे:

Var(z) = n · Var(w) · E[x²]

E[x²] म्हणजे आदानांच्या वर्गांची सरासरी. या सूत्रात आदानाचे प्रचरण न येता वर्गांची सरासरी येते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. आदानाची सरासरी शून्य असेल तर दोन्ही सारखीच असतात. नसेल तर नसतात. झेवियर आणि कायमिंग या पद्धतींमधील फरक नेमका येथून उद्भवतो.

सक्रियण फल क्षणभर बाजूला ठेवले, तर प्रत्येक थर संकेताचे प्रचरण n · Var(w) या गुणकाने बदलतो. L थरांनंतर हा बदल त्या गुणकाच्या L व्या घाताइतका होतो. गुणक १ पेक्षा थोडा जरी कमी असला तरी घातामुळे संकेत शून्याकडे जातो आणि थोडा जरी अधिक असला तरी तो बेसुमार वाढतो. म्हणून गुणक १ च्या शक्य तितका जवळ ठेवणे, हेच दोन्ही पद्धतींचे उद्दिष्ट आहे. गुणकात n असल्यामुळे सर्व थरांसाठी एकच ठरीव प्रमाण विचलन योग्य ठरू शकत नाही: रुंद थराला लहान भार लागतात आणि अरुंद थराला मोठे.

## झेवियर प्रारंभीकरण

माँट्रियल विद्यापीठातील झेवियर ग्लोरो आणि योशुआ बेंजिओ यांनी २०१० साली खोल नेटवर्क शिकवणे कठीण का जाते, याची तपासणी करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या काळी भार −1/√n ते 1/√n या पट्ट्यातील एकसमान वितरणातून घेण्याची रूढी होती. −a ते a या पट्ट्यातील एकसमान वितरणाचे प्रचरण a²/3 असते. म्हणजेच या रूढीत Var(w) = 1/(3n) होते आणि थराचा गुणक 1/3 येतो. पाच थरांमध्ये संकेताचे प्रचरण 1/243 इतके, आणि प्रमाण विचलन सुमारे सोळाव्या हिश्श्याइतके उरते.

ग्लोरो व बेंजिओ यांनी हाच विचार उलट दिशेलाही लावला. बॅकप्रोपगेशनमध्ये थरातील एका आदानाला मिळणारा ग्रेडियंट हा त्या आदानातून बाहेर जाणाऱ्या सर्व जोडण्यांवरील बेरजेने बनतो. म्हणून उलट प्रवासातील गुणकात येणाऱ्या जोडण्यांच्या जागी जाणाऱ्या जोडण्यांची संख्या येते. दोन अटी अशा:

n_in · Var(w) = 1 (पुढच्या दिशेसाठी)

n_out · Var(w) = 1 (उलट दिशेसाठी)

थराच्या दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असेल, तरच या अटी एकाच वेळी पूर्ण होतात. एरवी तडजोड म्हणून दोहोंची सरासरी घेतली जाते:

Var(w) = 2 / (n_in + n_out)

एकसमान वितरण वापरायचे झाल्यास पट्ट्याची मर्यादा √(6 / (n_in + n_out)) इतकी येते. उदाहरणार्थ, ७८४ आदानांतून २५६ घटकांकडे जाणाऱ्या थरासाठी हे प्रचरण 2/1040 म्हणजे सुमारे ०.००१९, प्रमाण विचलन सुमारे ०.०४४ आणि पट्टा सुमारे −०.०७६ ते ०.०७६ असतो.

या गणितात सक्रियण फल शून्याजवळ सरळ रेषेसारखे असून तेथे त्याचा उतार १ आहे, असे गृहीत धरलेले आहे. tanh या फलाला हे गृहीतक लागू पडते. सिग्मॉइड फलाला ते लागू पडत नाही: त्याचा सर्वाधिक उतार १/४ असतो आणि शून्यापाशी त्याची किंमत ०.५ असल्याने पुढील थराला शून्येतर सरासरीचे आदान मिळते. सिग्मॉइड वापरलेल्या खोल नेटवर्कमध्ये शेवटचा लपलेला थर प्रशिक्षणाच्या आरंभीच संपृक्त होतो, असे याच शोधनिबंधातील प्रयोगांत दिसून आले होते.

## रेलू फल आणि कायमिंग प्रारंभीकरण

पुढील काही वर्षांत tanh ची जागा मोठ्या प्रमाणावर रेलू फलाने घेतली. रेलू म्हणजे max(0, z): ऋण संख्या शून्य होते आणि धन संख्या आहे तशी पुढे जाते. हे फल शून्याजवळही सरळ रेषेसारखे नाही, त्यामुळे झेवियर पद्धतीमागील गृहीतक येथे मोडते.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील कायमिंग हे, शियांग्यू झांग, शाओचिंग रेन आणि जियान सुन यांनी २०१५ साली रेलूसाठी हे गणित नव्याने मांडले. भारांचे वितरण शून्याभोवती सममित असल्यामुळे z चे वितरणही सममित असते. रेलू त्यातील अर्धा भाग शून्य करते, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचे वर्ग जसेच्या तसे राहतात. म्हणून रेलूतून बाहेर पडणाऱ्या x साठी:

E[x²] = ½ · Var(z)

ही किंमत आधीच्या सूत्रात ठेवल्यास एका थराचा गुणक ½ · n · Var(w) असा मिळतो. तो १ व्हावा यासाठी:

Var(w) = 2/n

झेवियर पद्धतीशी तुलना करता दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असलेल्या थरात हे प्रचरण बरोबर दुप्पट आहे. रेलूने गमावलेला अर्धा भाग भारांच्या दुप्पट प्रचरणाने भरून काढला जातो. ऋण बाजूला शून्याऐवजी a इतका लहान उतार ठेवणाऱ्या फलांसाठी हेच सूत्र Var(w) = 2 / ((1 + a²)n) असे होते.

संवलनी थरात n म्हणजे संपूर्ण चित्रातील बिंदूंची संख्या नव्हे, तर एका फिल्टरला एका वेळी मिळणाऱ्या आदानांची संख्या होय. ३ × ३ आकाराचा फिल्टर ६४ मार्गिकांवर फिरत असेल, तर n = 3 × 3 × 64 = 576 आणि प्रमाण विचलन √(2/576) म्हणजे सुमारे ०.०५९ येते.

## उदाहरण: तीस थरांचे नेटवर्क

प्रत्येकी ५१२ घटकांचे ३० थर आणि सर्वत्र रेलू फल असलेले नेटवर्क घेऊ. आदानांच्या वर्गांची सरासरी १ आहे, असे मानू. वरील गुणकाचे वर्गमूळ घेतले की प्रत्येक थरात संकेताचा आकार किती पटींनी बदलतो, हे कळते. येथे आकार म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ.

ठरीव प्रमाण विचलन ०.०१ असल्यास वर्गांच्या सरासरीचा गुणक ½ × 512 × 0.0001 = 0.0256 येतो. म्हणजे प्रत्येक थरात संकेताचा आकार ०.१६ पट होतो आणि तीस थरांनंतर तो सुमारे 1.3 × 10⁻²⁴ इतका उरतो.

झेवियर पद्धतीत Var(w) = 1/512, म्हणून गुणक ½. तीस थरांनंतर वर्गांची सरासरी 2⁻³⁰ आणि संकेताचा आकार 2⁻¹⁵ म्हणजे सुमारे ०.००००३ होतो. ही हानी पहिल्या प्रकारापेक्षा पुष्कळ कमी आहे. तरीही मूळ संकेत तेहतीस हजारांश झालेला असतो.

कायमिंग पद्धतीत गुणक १ असल्याने आकार १ च्या आसपास टिकून राहतो.

याउलट भारांचे प्रमाण विचलन १ ठेवले, तर गुणक २५६ होतो आणि प्रत्येक थरात संकेत १६ पट वाढतो. ३२ बिटांच्या दशांश संख्येची मर्यादा जवळपास 2¹²⁸ आहे. 16³² = 2¹²⁸ असल्यामुळे ही मर्यादा बत्तिसाव्या थराच्या सुमारास ओलांडली जाते. १६ बिटांच्या संख्येत कमाल किंमत ६५,५०४ आहे आणि 16⁴ = 65,536; म्हणजे तेथे चौथा थरच पुरेसा ठरतो. मर्यादा ओलांडली की अनंत आणि त्यानंतर `nan` ही खूण दिसू लागते.

पहिले तीन प्रकार पुढील छोट्या आज्ञावलीने पडताळता येतात:

```python
import torch
torch.manual_seed(0)
n, L = 512, 30
stds = {"0.01": 0.01, "Xavier": (1/n)**0.5, "He": (2/n)**0.5}
for name, s in stds.items():
    x = torch.randn(1000, n)
    for _ in range(L):
        x = torch.relu(x @ (torch.randn(n, n) * s))
    print(name, x.double().pow(2).mean().sqrt().item())
```

शेवटच्या ओळीत `double()` वापरण्याचे कारण असे की 10⁻²⁴ या संख्येचा वर्ग ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर शून्य छापले जाते. मिळणाऱ्या किमती वरील आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण सूत्रे सरासरीबद्दल बोलतात; मात्र त्यांचे मान तेच असते.

## ग्रेडियंटवरील परिणाम

एका थरातील भारांचा ग्रेडियंट हा दोन गोष्टींच्या गुणाकाराने बनतो: त्या थरात आलेला पुढच्या दिशेचा संकेत आणि त्या थरापर्यंत मागे आलेला त्रुटीचा संकेत. रेलूच्या उलट प्रवासातही निम्म्या घटकांचा विकलज शून्य व निम्म्यांचा १ असतो. त्यामुळे तेथेही ½ · n_out · Var(w) हाच गुणक येतो.

वरील उदाहरणातील झेवियर प्रकारात दहाव्या थरापाशी पुढचा संकेत नऊ थरांतून आल्यामुळे घटलेला असतो आणि मागचा संकेत उरलेल्या वीस थरांतून येताना घटलेला असतो. विसाव्या थरापाशी पहिली घट जास्त व दुसरी कमी असते. दोहोंचा गुणाकार मात्र सर्व थरांत जवळपास सारखाच राहतो. परिणामी भारांचे ग्रेडियंट थराथरांत असमान न दिसता सर्वत्र सारखेच अतिसूक्ष्म दिसतात. ग्लोरो आणि बेंजिओ यांच्या मोजमापांतही मागे जाणारा संकेत घटत असताना भारांच्या ग्रेडियंटचे प्रचरण सर्व थरांत आरंभी जवळपास समान आढळले होते. म्हणून केवळ थरांच्या भार-ग्रेडियंटची आपापसांत तुलना करून हा दोष सापडत नाही; सक्रियणांचा आकार थरागणिक मोजावा लागतो.

बायसची गोष्ट वेगळी आहे. त्याचा ग्रेडियंट फक्त मागे येणाऱ्या संकेतावर अवलंबून असतो, म्हणून शेवटच्या थराच्या बायसला पूर्ण आकाराचा ग्रेडियंट मिळतो. आदानातून आलेला संकेत तेथे पोहोचेपर्यंत नगण्य झालेला असल्याने पहिल्या काही दुरुस्त्यांत तो बायसच उत्तर ठरवू लागतो. कोणतेही आदान दिले तरी नेटवर्क तेच उत्तर देते आणि प्रशिक्षण तेथेच अडकून पडते.

## व्हीजीजी नेटवर्कचे प्रकरण

ऑक्सफर्ड विद्यापीठातील कॅरेन सिमोन्यान आणि अँड्र्यू झिसरमन यांनी २०१४ साली मांडलेल्या व्हीजीजी नेटवर्कांच्या प्रशिक्षणात ही अडचण प्रत्यक्ष समोर आली. त्यांनी आधी ११ थरांचे नेटवर्क यादृच्छिक भारांनी शिकवले आणि नंतर त्याच्या पहिल्या चार संवलनी थरांचे व शेवटच्या तीन थरांचे भार अधिक खोल नेटवर्कमध्ये आरंभीचे भार म्हणून वापरले. झेवियर पद्धत वापरल्यास अशा पूर्वप्रशिक्षणावाचूनही भागते, असे त्यांनी पुढे नमूद केले.

कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या शोधनिबंधात याच कुटुंबातील दहा संवलनी थरांच्या नेटवर्कवर आपले सूत्र लावून पाहिले. ३ × ३ फिल्टरसाठी ६४, १२८, २५६ आणि ५१२ फिल्टर असलेल्या थरांना त्यांच्या सूत्रानुसार अनुक्रमे ०.०५९, ०.०४२, ०.०२९ आणि ०.०२१ इतके प्रमाण विचलन लागते. सर्वत्र ०.०१ ठेवल्यास प्रत्येक थरात ग्रेडियंट तितक्या पटींनी कमी पडतो. दहाव्या संवलनी थरापासून दुसऱ्या थरापर्यंत येताना एकूण घट अशी होते:

5.9 × 4.2² × 2.9² × 2.1⁴ ≈ 17,000

म्हणजे दुसऱ्या थराला पोहोचणारा ग्रेडियंट योग्य आकाराच्या सतरा हजारांश असतो. कोणत्याही एका थरात चूक दोन ते सहा पटींहून अधिक नाही, पण नऊ थरांच्या गुणाकाराने ती एवढी मोठी होते.

त्याच शोधनिबंधात दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना आहे. २२ थरांच्या नेटवर्कमध्ये झेवियर व कायमिंग या दोन्हींनी प्रशिक्षण यशस्वी झाले. कायमिंग पद्धतीत त्रुटी लवकर घटू लागली एवढाच फरक होता. ३० थरांच्या नेटवर्कमध्ये मात्र कायमिंग पद्धतीने शिकणे चालू राहिले आणि झेवियर पद्धतीत ते पूर्णपणे ठप्प झाले. गुणक ½ चा परिणाम काही थरांपर्यंत सहन होतो व त्यापुढे नाही, हे या दोन प्रयोगांवरून दिसते.

## दोष ओळखण्याच्या खुणा

वर्गीकरणाच्या प्रश्नात नेटवर्कला काहीच माहीत नसेल, तर ते सर्व k वर्गांना सारखीच संभाव्यता देते आणि क्रॉस-एन्ट्रॉपी त्रुटी ln k इतकी येते. १० वर्गांसाठी ही किंमत सुमारे २.३० आणि १,००० वर्गांसाठी सुमारे ६.९१ असते. प्रशिक्षणाच्या पहिल्या मोजणीला त्रुटी या किमतीच्या जवळ असणे योग्यच आहे. शेकडो दुरुस्त्यांनंतरही ती तेथेच खिळून राहिली, तर संकेत लोपत असल्याचा संशय घ्यावा. पहिल्याच मोजणीला ती याच्या कितीतरी पट असेल किंवा `nan` येत असेल, तर भार गरजेपेक्षा मोठे असण्याची शक्यता असते.

निश्चित निदानासाठी प्रशिक्षणापूर्वी आदानांचा एक संच नेटवर्कमधून पाठवून प्रत्येक थरानंतर सक्रियणांचे प्रमाण विचलन नोंदवले जाते. लॉगरिथमी मापावर काढलेला आलेख आडवा आला तर प्रारंभीकरण ठीक आहे. तो एकसारख्या उताराने खाली वा वर जात असेल, तर त्या उतारावरूनच थराचा गुणक काढता येतो.

प्रारंभीकरण योग्य असूनही आदाने सामान्यीकृत नसल्यास हाच आलेख आडवा पण चुकीच्या उंचीवर येतो. ० ते २५५ या किमतींची चित्रे तशीच दिली, तर प्रत्येक थर तो मोठा आकार इमानाने पुढे नेतो. प्रचरण जपणारी पद्धत आदानातील दोष दुरुस्त करत नाही.

## मर्यादा

या पद्धती फक्त सुरुवातीच्या क्षणाबद्दल हमी देतात. पहिल्याच दुरुस्तीनंतर भार आदानांपासून व एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि गणितातील गृहीतके सुटतात. शिकण्याचा दर फार मोठा ठेवला, तर योग्य प्रारंभीकरण असलेले नेटवर्कही काही पावलांत बिघडते.

दुसरी मर्यादा थरांच्या रुंदीशी निगडित आहे. सूत्रे सरासरीत खरी असतात, परंतु अरुंद थरांत प्रत्यक्ष किंमत सरासरीपासून बरीच ढळते आणि ही ढळ थरागणिक साचत जाते. दहा-वीस घटकांच्या शेकडो थरांचे नेटवर्क कायमिंग पद्धतीनेही भरवशाचे राहत नाही.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. संकेताचा आकार टिकणे म्हणजे त्यातील माहिती टिकणे नव्हे. कायमिंग पद्धतीने सुरू केलेल्या रेलू नेटवर्कमध्ये दोन वेगवेगळी आदाने खोलीबरोबर एकमेकांसारखी दिसू लागतात. दोघांचे आकार १ च्या जवळ असतात, पण त्यांच्या दिशा जुळत जातात. २०१५ च्या प्रयोगातील ३० थरांचे नेटवर्क शिकले खरे, पण त्याची अचूकता १४ थरांच्या नेटवर्कपेक्षा कमी भरली. त्याच चार लेखकांनी त्याच वर्षाच्या अखेरीस रेसनेट ही वेगळी रचना मांडली, जिच्यात प्रत्येक खंड आपले उत्तर आदानातच मिळवतो.

रेसनेटसारख्या रचनेत प्रचरणाचा हिशेबही बदलतो. खंडाचे उत्तर आणि त्याचे आदान यांचे प्रचरण सारखे असेल, तर बेरजेचे प्रचरण दुप्पट होते आणि पन्नास खंडांत ते 2⁵⁰ पट होऊ शकते. म्हणून अशा रचनांत बॅच नॉर्मलायझेशनसारखा सामान्यीकरण थर घालतात किंवा प्रत्येक खंडातील शेवटच्या थराचे आरंभीचे भार मुद्दाम लहान ठेवतात. बॅच नॉर्मलायझेशन प्रत्येक थरात सक्रियणांचे प्रचरण प्रत्यक्ष मोजून दुरुस्त करत असल्यामुळे त्याच्यासोबत भारांच्या आरंभीच्या आकाराला येणारे महत्त्व बरेच घटते.

## आज्ञावली संचांतील वापर

पायटॉर्चमध्ये `torch.nn.init.xavier_uniform_` आणि `torch.nn.init.kaiming_normal_` ही फलने उपलब्ध आहेत. केरासमध्ये सर्वजोडणी व संवलनी थरांसाठी `glorot_uniform` हा पूर्वनिर्धारित पर्याय असून रेलूसाठी `he_normal` निवडावा लागतो.

पायटॉर्चमधील `torch.nn.Linear` या थराचे पूर्वनिर्धारित भार `kaiming_uniform_` या फलाने नेमले जातात, पण त्याला `a=√5` ही किंमत दिलेली असते. सूत्रात ती ठेवल्यास Var(w) = 2 / (6n) = 1/(3n) मिळते; म्हणजे २०१० पूर्वीचीच रूढी. रेलूसोबत तिचा गुणक 1/6 येतो. बायसही त्याच पट्ट्यातून यादृच्छिक घेतले जात असल्याने सक्रियणे शून्यापर्यंत जात नाहीत, परंतु खोल थरांत जे उरते ते प्रामुख्याने बायसांतून आलेले असते, आदानातून नव्हे. सामान्यीकरण थर नसलेले खोल रेलू नेटवर्क बांधताना म्हणूनच भार स्वतंत्रपणे नेमून द्यावे लागतात:

```python
for m in model.modules():
    if isinstance(m, torch.nn.Linear):
        torch.nn.init.kaiming_normal_(m.weight, nonlinearity="relu")
        torch.nn.init.zeros_(m.bias)
```

येथे n म्हणून येणाऱ्या जोडण्यांची संख्या घेतली जाते. `mode="fan_out"` लिहिल्यास जाणाऱ्या जोडण्यांची संख्या घेतली जाते. यांपैकी कोणतीही निवड चालते. येणाऱ्या जोडण्यांनुसार भार नेमले, तर उलट दिशेतील गुणकांच्या गुणाकारात मधल्या थरांच्या रुंदी परस्परांना छेदतात आणि केवळ पहिल्या व शेवटच्या थराच्या रुंदीचे गुणोत्तर उरते. ते थरांच्या संख्येबरोबर वाढत किंवा घटत नाही, म्हणून झेवियर पद्धतीप्रमाणे दोन्ही दिशांची सरासरी काढण्याची गरज येथे उरत नाही.